कांदा, चप्पल आणि घड्याळ

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात एका मुलाला आकडी आली. मी धावत जाऊन त्याच्या दातांत चमचा घातला, शिपाईमामांनी कांदा हुंगवला. मुलगा सावरला, पण त्याचा पुढचा दात तुटला होता. जीभ तर वाचवली, याच समाधानात मी कित्येक वर्षे होते.

माझ्या भाचीलाही अपस्मार आहे. गेल्या वर्षी ती पुण्यात नव्या कचेरीत लागली, तेव्हा तिने आपण होऊन साहेबांना सांगितले. त्यांनी परस्पर कुणाला कळवले नाही. आधी तिलाच विचारले, "कोणाला सांगायचं, आणि किती?" तिने जवळ बसणारे आठजण निवडले. साहेबांनी लिहिलेल्या मजकुरातली औषधांची नावे आणि आजार कधीपासूनचा, ही वाक्ये तिने खोडली. मला म्हणाली, "मावशी, त्यांना माझा इतिहास कशाला? त्या दोन-तीन मिनिटांत काय करायचं, तेवढं कळलं की पुरे." कुणाच्या मोबाइलवर काही पाठवायचे नाही, सर्वांना बसवून तोंडी सांगायचे आणि तेव्हा आपण हजर राहायचे, हेही तिनेच ठरवले.

सांगितले ते असे. आधी घड्याळ बघा. आसपासच्या खुर्च्या सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका. जीभ गिळली जात नसते, दात मात्र तुटतात. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले, शुद्ध न येता पुन्हा सुरू झाले, मार लागला किंवा नंतर श्वास नीट येईना, तर १०८ ला फोन. एरवी दवाखान्याची धावपळ नको, नुसते जवळ बसा.

दोन महिन्यांनी तिला कचेरीतच आकडी आली. पलीकडच्या विभागातला एकजण चप्पल घेऊन धावला. शेजारच्या मुलीने त्याला हाताने थांबवले, दुसऱ्याने वेळ मोजली. अडीच मिनिटे. तिची पँट ओली झाली होती. कुणीतरी अंगावर शाल टाकली आणि बघ्यांना बाहेर काढले. नंतर वीसेक मिनिटे ती गोंधळलेली होती, त्याच त्याच गोष्टी विचारत होती. शेजारीण दर वेळी सांगत होती, "तू ऑफिसमध्ये आहेस, मी इथेच आहे."

शाल कुणाची, ते भाचीला अजून माहीत नाही. शालीचे मात्र त्या मजकुरात काही लिहिलेले नव्हते.

माझा तो विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडलेला असेल. आकडीनंतर महिनाभर तो शाळेत आला नव्हता. आजारपण असेल, असे मी धरून चालले. वर्गातल्या चाळीस मुलांनी काय पाहिले आणि त्यांना मी काय समजावून सांगितले, याचा विचार तेव्हा मनात आलाच नाही. मी काहीच सांगितले नव्हते.