तास, दाम आणि पाटीवरची एक ओळ

हातमागाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी घोषवाक्य लिहून द्या, असं कोणी सांगितलं की मी आधी दोन आकडे मागते: साडीला किती तास लागले, आणि साडीच्या किमतीतले किती रुपये विणकराच्या हातात पडले. बहुतेकांकडे पहिला आकडा अंदाजाने असतो आणि दुसरा सांगायचा नसतो. हे दोन्ही आकडे असल्याशिवाय विणकराच्या श्रमांबद्दल एकही ओळ लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. १९०५ साली त्याच तारखेला कोलकात्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली, म्हणून २०१५ पासून हा दिवस पाळतात. त्या सुमारास ठिकठिकाणी प्रदर्शनं भरतात आणि कापडी फलकांवर वारसा, परंपरा, शान, अभिमान हे शब्द ओळीने दिसू लागतात. त्यातला एखादा फलक उचलून मातीच्या भांड्यांच्या स्टॉलवर लावला तरी कुणाला काही खटकणार नाही. स्टॉलवरची ओळ त्या कापडाबद्दल काहीतरी सांगणारी हवी, आणि गिऱ्हाइकाला ते तिथल्या तिथे पडताळून पाहता आलं पाहिजे.

येवल्याच्या पैठणीचंच घेऊ. साडीचं अंग धोट्याने विणतात, तिथे हात सराईतपणे चालतो. पदराला आलं की सगळा वेग बदलतो. पदरावरच्या मोराचा, वेलीचा, पानाचा प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या कांडीवर असतो. विणकर ताण्याचे मोजके धागे उचलून ती कांडी तेवढ्याच जागेतून फिरवतो आणि जिथे रंग बदलतो तिथे एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवतो. दाट नक्षीचा पदर दिवसभर बसून इंच-दोन इंच पुढे सरकतो. म्हणूनच ‘साडीला महिना लागला’ हे वाक्य खरं असूनही फारसं काही सांगत नाही. त्या महिन्यातला मोठा भाग पदराने घेतलेला असतो, आणि ‘मीटरला काय पडते?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमकी हीच गोष्ट माहीत नसते.

अशा विणीचा पदर मागच्या बाजूनेही पुढच्यासारखाच दिसतो. जकार्डवर काढलेल्या नक्षीच्या मागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापल्याच्या खुणा असतात. त्यामुळे पैठणीच्या स्टॉलसाठी माझी सगळ्यात आवडती ओळ तीन शब्दांची आहे: ‘पदर उलटून पाहा.’ तिच्यात श्रम, परंपरा यांपैकी एकही शब्द नाही. माणूस पदर उलटतो, मागची बाजू बघतो आणि ‘हे कसं काय?’ असं विचारतो. तिथून तासांबद्दल बोलायला सुरुवात होते.

तासांचा आकडा मात्र जपून लिहावा लागतो. विणकर घड्याळी तास मोजत नाहीत, मजुरी नगावर असते. साडी मागावर तीन महिने होती याचा अर्थ तीन महिने काम चाललं असा होत नाही. मध्ये शेतीची कामं येतात, घरातलं लग्न येतं, आजारपण येतं, कधी रेशीम वेळेवर येत नाही. स्टॉलवाल्यांना ‘तीन महिन्यांची मेहनत’ हे शब्द फार भावतात, पण चोखंदळ गिऱ्हाईक मनात भागाकार करतं. तीन महिने म्हणजे रोज आठ तासांनी ७२० तास. खाली किंमत २४ हजार. सगळेच्या सगळे पैसे विणकराला दिले तरी तासाला ३३ रुपये पडतात! फुगवलेला आकडा असा स्टॉलवाल्याच्याच अंगावर येतो. त्यापेक्षा मागाजवळ कॅलेंडर टांगावं आणि प्रत्यक्ष बसल्या दिवसांवर खूण करावी. मोजणी तेवढ्यावर भागते.

एका साडीचा हिशेब मांडून दाखवते. प्रदर्शनातली किंमत २४,००० रुपये. मागावर बसल्याचे १८ दिवस, म्हणजे १४४ तास. तासाला ८० रुपयांप्रमाणे विणकराची मजुरी ११,५२० होते. रेशीम उकलणं, कांड्या भरणं, जुन्या ताण्याला नवा ताणा एकेक धागा जोडत सांधणं, या कामांचे आणखी २० तास आणि १,६०० रुपये. रेशीम आणि जर यांचे ५,२००. स्टॉलचं भाडं, प्रवास आणि बांधणी मिळून साडीमागे २,७००. उरलेल्या २,९८० रुपयांत स्टॉलवाल्याचं अडकलेलं भांडवल, न खपलेल्या मालाचा भार आणि त्याचा नफा.

यातल्या २० तासांपाशी मी दरवेळी थांबते. हे काम बहुतेक घरातल्या बायका करतात आणि ते नगाच्या मजुरीत विरघळून जातं. किंमत ठरवताना ते धरलं नाही तर पाटीवरही येत नाही. म्हणून साडीला टांगायच्या चिठ्ठीवर मी दोन ओळी लिहिते: ‘विणायला १४४ तास. त्याआधी घरातल्या बायकांचे २० तास.’ हे वाचून एका विणकराच्या पत्नीने मला विचारलं होतं, “ताई, हे पण लिहायचं असतं होय?”

‘रास्त भाव’ हे शब्द मी स्वतः पाटीवर घालत नाही. तासाला ८० म्हणजे दिवसाला ६४० रुपये. पदरावर मोर उमटवायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, त्या कसबाला हा दर पुरेसा आहे असं मला वाटत नाही. मग आपणच तो रास्त कसा म्हणायचा? ‘या साडीतले ११,५२० रुपये विणकराला’ एवढं लिहावं. ज्याला कमी वाटेल तो तसं बोलून दाखवेल, आणि त्या बोलण्याचा विणकराला उपयोगच होईल.

घासाघिशीवर घोषवाक्य मागणारे पुष्कळ भेटतात. ‘घामाची किंमत करू नका’ यासारखी वाक्यं मी लिहून देत नाही, कारण ती गिऱ्हाइकाला दारातच गुन्हेगार ठरवतात. भाव करून घेणं ही इथल्या बाजाराची रीत आहे, शिवाय अनेक स्टॉलवाले ती धरूनच किंमत चढवून लावतात. आधी किंमत खरी लावायला हवी. मग मोठ्या फलकावर ‘भाव एकच. हिशेब विचारा.’ असं लिहिता येतं, पण हिशेबाचा कागद गल्ल्याजवळ तयार असेल तरच. वरच्या साडीवर दोन हजार सोडले तर स्टॉलवाल्याकडे ९८० उरतात. पुढच्या खेपेला तो ती तूट मजुरीतून काढणार, आणि दोन हजार म्हणजे विणकराचे २५ तास, मागावरचे तीन दिवस. हे वाक्य मी फलकावर लावत नाही. कोणी सूट मागितली की स्टॉलवरच्या माणसाने ते शांतपणे सांगावं.

जर आणि सूत यांबाबत पाटी अगदी काटेकोर हवी. चांदीवर सोन्याचा मुलामा असलेली जर महाग असते, म्हणून आज बऱ्याच साड्यांत तांब्यावर चांदी चढवलेली किंवा पॉलिस्टरवर बेतलेली जर असते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ‘शुद्ध जर’ असं लिहू नये. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क लावता येतो. ज्या साडीवर तो असेल तिच्याचपुरता दावा करावा. एकाच स्टॉलवर हातमागाच्या चार आणि यंत्रमागाच्या चाळीस साड्या ठेवून वर एकच फलक लावणं ही सरळ फसवणूक आहे.

तुम्ही पुढच्या वेळी अशा प्रदर्शनात गेलात तर फलक वाचून झाल्यावर पदर उलटून पाहा. किती तास लागले ते विचारा. त्यातले विणकराला किती मिळाले आणि कांड्या कोणी भरल्या, हेही विचारा. पटलं तर मागितलेली किंमत पुरी द्या, आणि उत्तर मिळालं नाही तर साडी तिथेच ठेवून पुढच्या स्टॉलवर जा.