फक्त वरची ओळ

सांगली

चि. सौ. मनीषा,

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आत्या, ओवीला शिकवणी लावते. दुसरीची वर्कशीट मला वाचता येत नाही, आणि ती येऊन विचारते तेव्हा मान खाली घालावी लागते.’ तेव्हा मी काही बोलले नाही, कारण फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. आमच्या खालच्या मजल्यावर पिंटूची आई राहते, तिचं ऐक आणि मग काय ते ठरव.

ती जत तालुक्यातली. मराठी शाळेत दहावी, मग लग्न. घरी ब्लाउज शिवते. पहिलीपासून इंग्रजी आपल्या राज्यात २००० साली आलं. ती त्याआधीची, म्हणजे एबीसीडी पाचवीत भेटलेली. तुझंही तसंच. पिंटू इंग्रजी शाळेत दुसरीला. शाळा दर दोन-तीन दिवसांनी सुटं वर्कशीट देते आणि दुसऱ्या दिवशी ते फोल्डरमध्ये परत मागते. कागद हाताशी राहत नाही म्हणून ती आल्याआल्या त्याचा फोटो काढून ठेवायला लागली. सुरुवात एवढीच.

मग कुणीतरी तिला भाषांतराचं ॲप दाखवलं. कॅमेरा कागदावर धरला की इंग्रजीच्या जागी मराठी दिसतं. पहिले काही दिवस तिला वाटलं, सुटलो. एकदा ती फोन घेऊनच वर आली. कागदावर होतं : ‘सर्कल द वर्ड दॅट डझ नॉट राइम’, आणि खाली कॅट, हॅट, सन, मॅट. पडद्यावर होतं : यमक न जुळणाऱ्या शब्दाला गोल करा. मांजर, टोपी, सूर्य, चटई. मला म्हणाली, ‘बाई, मांजर आणि टोपीचं यमक कुठनं जुळायचं?’

मी हसले, पण तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. भाषांतर चुकलं नव्हतं, एकूण एक शब्द बरोबर होता. प्रश्न मात्र मेला होता. कॅट-हॅट-मॅटचा प्रश्न आवाजाचा आहे, अर्थाचा नाही, आणि अर्थ मराठीत आणला की आवाज इंग्रजीतच राहतो. दुसरीच्या इंग्रजीच्या वर्कशीटांत निम्मा खेळ असाच असतो : यमक, स्पेलिंगमधली गाळलेली अक्षरं, उलटीसुलटी अक्षरं जुळवणं. तिथं शब्द मराठीत केलास तर हातात काहीच उरत नाही.

म्हणून मी तिला सांगितलं, फोटो पूर्ण काढ, पण ॲपला दाखवताना कापून फक्त वरची ओळ दाखव. सूचना मराठीत वाच आणि खालचे शब्द इंग्रजीतच राहू दे. खालच्या एखाद्या शब्दाचा अर्थ अडलाच, तर तेवढाच वेगळा बघ.

यातून जे निघालं ते मलाही नवं होतं, आणि मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, पण मराठी शाळेत. सूचना फार थोड्या असतात. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, वेगळा शब्द ओळखा, विरुद्धार्थी लिहा, चित्र बघून नाव लिहा, चढत्या क्रमानं लावा. कागद बदलतो, चित्रं बदलतात, वरची ओळ तीच फिरून येते. तिनं गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीत मागच्या पानापासून या ओळी उतरवायला घेतल्या. डावीकडे इंग्रजी जशीच्या तशी, उजवीकडे मराठी. दिवाळीपर्यंत नव्या ओळी येणं जवळपास थांबलं. वही न उघडता ओळ वाचता येते का, हे ती कसं बघायची ते सांगते : जुना फोटो काढायचा, खालचा भाग अंगठ्यानं झाकायचा आणि नुसती ओळ वाचून खाली काय असेल ते सांगायचं. बरोबर आलं तर ओळ पाठ.

एक फसवी ओळ तुला आधीच सांगून ठेवते. ‘ऑड वन आउट’ला पडद्यावर ‘विषम’ आलं आणि ती आकडे शोधत बसली, तर कागदावर आंबा, केळं, पेरू आणि बटाटा. त्याच आठवड्यात गणिताच्या कागदावर ‘सर्कल द ऑड नंबर्स’ आलं. तिथं विषमच बरोबर. तेव्हापासून कागद कुठल्या विषयाचा आहे ते ती आधी बघते आणि वहीत ओळीपुढे कंसात ‘इं.’ किंवा ‘ग.’ लिहिते.

फोटोचंही सांगते, कारण निम्म्या चुका तिथंच होतात. ट्यूबलाइटखाली आपल्याच हाताची आणि फोनची सावली कागदावर पडते. दिवसाउजेडी खिडकीशी, कागद सपाट ठेवून, फोन वरून सरळ धरावा. पिंटू कागद चार घड्या घालून आणतो. घडी ओळीवरून गेली की ॲप काहीतरी भलतंच वाचतं. एकदा ‘कॉर्न’मधली शेवटची आर आणि एन ही दोन अक्षरं चिकटून एम झाली, आणि मक्याचा पत्ताच लागेना. आता ती मशीनच्या पाटावर कागद फूटपट्टीनं दाबून धरते. आणि बाईंनी लाल शाईत वळणदार अक्षरात लिहिलेला शेरा ॲपला वाचू द्यायचा नाही. तो ती फाटकाशी बाईंनाच मराठीत विचारते. पहिल्यांदा लाजली होती, आता नाही.

गणितात मात्र तिचीच सरशी आहे, आणि तुझीही असणार. एक कागद मी स्वतः बघितला. रियाकडे १४ मणी आहेत, मीनाकडे ९. ‘हाउ मेनी मोअर बीड्स डझ रिया हॅव दॅन मीना?’ पिंटूनं उत्तर लिहिलं होतं २३. ‘मोअर’ म्हणजे जास्त, जास्त म्हणजे बेरीज, असं त्यानं मनाशी धरलं होतं. हे सगळीच मुलं करतात, मराठी शाळेतलीसुद्धा. ‘किती जास्त’ दिसलं की बेरीज.

तिनं चूक खोडली नाही. बटणांचा डबा घेतला. एका रांगेत १४ बटणं लावली आणि त्याखाली प्रत्येकासमोर एक अशी ९. मग मराठीत विचारलं, ‘मीनाच्या रांगेपुढं रियाची किती उरली?’ त्यानं मोजली, पाच. ‘मग जास्त किती?’ ‘पाच.’ ‘मग २३ कुणाचे?’ पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं आणि म्हणालं, ‘दोघींचे मिळून.’ मग तिनं वहीत दोन ओळी शेजारी शेजारी लिहिल्या, ‘हाउ मेनी मोअर’ आणि ‘हाउ मेनी ऑलटुगेदर’, आणि पहिलीपुढं वजाबाकी, दुसरीपुढं बेरीज. इंग्रजी तिला त्या दिवशी कळलं. गणित तिला आधीपासून येतच होतं. शिकवणीवाल्यानं ‘मायनस कर’ म्हणून दोन मिनिटांत कागद संपवला असता.

आकड्यांत एकच घोळ झाला. ती म्हणायची एकोणतीस आणि पिंटूला ते कळायचं नाही, कारण शाळेत तो ट्वेंटी-नाइन म्हणतो, आधी वीस मग नऊ. आपल्याकडं तिसाला एक उणा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते तुला आठवत असेल. मीही तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांतली. पण पिंटूच्या आईनं कुणाचं न ऐकता तेच केलं : आधी ‘वीस नऊ’, मग ‘म्हणजे आपलं एकोणतीस’. दोन्ही नावं त्याच्या तोंडात बसली. दशक-एकक समजायला मला तरी याहून सोपी वाट दिसत नाही.

उच्चाराचं तेवढं जपून. ती शब्दांवर देवनागरीत लिहून ठेवते, ते चांगलंच आहे. ॲ आणि ऑ आपल्याकडं आहेत, त्यामुळं कॅट आणि हॉट नीट लिहिता येतात. पण ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण लिहिताना वेगळे लिहितो, बोलताना दोन्ही सारखेच म्हणतो, आणि इंग्रजीत एक जहाज, दुसरी मेंढी. ‘व्हॅन’ आणि ‘वन’ यांच्या सुरुवातीचे आवाजही आपल्या तोंडी एकच होतात. अशा ठिकाणी लिहिलेल्यावर विसंबायचं नाही. ॲपमध्ये शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून दोघांनी ऐकायचं. पिंटू बहुतेक वेळा आईपेक्षा बरोबर म्हणतो आणि तिला सुधारतो. तिला ते चालतं. खरं तर त्या वेळी तो जितका मन लावून वाचतो तितका एरवी वाचत नाही.

तिचा रोजचा क्रम असा. कोरा कागद आला की फोटो. दुपारी शिवण बाजूला ठेवून फोटो बघून तो कागद ती स्वतः वहीत सोडवते. संध्याकाळी पिंटू मूळ कागदावर सोडवतो, ती शेजारी हातशिलाई करत बसते. उत्तर सांगत नाही. त्याचं झालं की दोघांचं ताडून बघतात. जिथं फरक पडतो तिथं वरची ओळ पुन्हा वाचायची. तरीही त्याचं चुकीचं राहिलं तर राहू देते, म्हणजे बाईंना कळतं कुठं अडतंय. आईनं सगळं सुधारून पाठवलेल्या कागदावरून बाईंना काय कळणार?

हे सगळं कायम पुरणार नाही, तेही सांगते. चौथी-पाचवीत उताऱ्यावरचे प्रश्न येतील, परिसर अभ्यासाची लांब वाक्यं येतील, तिथं वरची ओळ वाचून भागायचं नाही. तेव्हा शिकवणीचा विचार कर, मी अडवणार नाही. पण दुसरीच्या पोरीला आत्ता शिकवणी लावणं मला उधळपट्टी वाटते. आणि ओवीला तू जी गोष्ट बटणांनी किंवा शेंगांनी मराठीत समजावशील ती शिकवणीत तिला कुणी समजावणार नाही.

तर सोमवारी कागद आला की खिडकीशी ठेवून फोटो काढ, वरची ओळ कापून मला पाठव, आणि तिचा अर्थ तुला काय वाटतो ते खाली लिही. कोराच पाठव, सोडवलेला नको.

तुझी,
आत्या