आजचा सुविचार, दोघांच्या आवाजात

मी तोतरा आहे. आता बराच कमी, पण सहावीत असताना पुरेपूर होतो. त्या वर्षी परिपाठात माझ्या वाट्याला सुविचार आला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, साडेदहाची. पहिल्या घंटेला मैदानात ओळी लागायच्या, बुटके पुढे, उंच मागे, मध्ये हातभर अंतर. दुसऱ्या घंटेनंतर सावधान-विश्राम आणि मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. एवढं उभ्यानं. मग खाली बसायचं आणि सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. शेवटी पसायदान आणि मौन. शाळेशाळेत हा क्रम थोडा बदलतो. हल्ली राज्यगीतही असतं, आमच्या वेळी नव्हतं.

मी मात्र या क्रमाचे दोनच भाग करायचो: सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते, आणि एकट्यानं म्हणायचं ते.

कारण सगळ्यांबरोबर म्हणताना मी अडखळतच नसे. राष्ट्रगीताची 52 सेकंदं माझी जीभ अगदी सरळ चालायची. तेव्हा मला तो चमत्कार वाटायचा. पुढे कळलं की बहुतेक तोतऱ्या माणसांचं हे असंच असतं. दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळला की अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. आवाज थांबला की परत येतं.

प्रतिज्ञा मधली. एक जण पुढे उभा राहून तुकडा सांगतो, बाकीचे तो परत म्हणतात. यात सांगणाऱ्यानं मागच्या ओळीचा आवाज परत येईपर्यंत थांबायचं असतं. घाई केली की पुढच्या ओळी एका तुकड्यावर, मागच्या दुसऱ्यावर, आणि नुसता गलका. म्हणजे प्रतिज्ञा सांगणाऱ्याला दर चार शब्दांनंतर हक्काची विश्रांती. मला ते काम आवडलं असतं. पण ते सातवीचं होतं.

सुविचाराला विश्रांती नाही. पुढे जायचं, ‘सर्वांना नमस्कार’ म्हणायचं, मग ‘आजचा सुविचार’ आणि मग सुविचार. बाकीची मुलं तो कॅलेंडरच्या मागून नाहीतर गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवायची. मी सुविचार निवडायचो तो पहिल्या अक्षरावरून. प, त, क बाद. तिथे ओठ किंवा जीभ घट्ट मिटते आणि माझी उघडायचीच नाही. ह चालायचा, नुसता श्वास सोडला की निघतो. म्हणून मी स्वतःच एक रचला, ‘हसत शिकलेलं लक्षात राहतं’. अर्थ काय, कोणाला फरक पडतो!

पण त्याच्या आधीचं ‘आजचा’ बदलता येत नव्हतं. सोमवारी मी ‘नमस्कार’ कसाबसा काढला आणि ‘आ’वर थांबलो. तोंड उघडं, आवाज नाही. आधी सातवीची ओळ हसली, मग सगळीच.

बाई रागावल्या नाहीत, मला खाली बसवलंही नाही. बसवलं असतं तर बरं, असं मला तेव्हा वाटत होतं. त्यांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीला पुढे बोलावलं. तिचा आवाज पत्र्यावर दगड पडल्यासारखा. ‘आठवडाभर सुविचार दोघांनी मिळून म्हणायचा,’ बाई म्हणाल्या. मंगळवारी तिनं सुरुवात केली, मी तिच्या आवाजाला धरून निघालो आणि शेवटपर्यंत पोहोचलो. बुधवारी तर ती मधेच खोकली, तेव्हा ‘लक्षात राहतं’ मी एकट्यानंच पूर्ण केलं. हे मला जागेवर जाऊन बसल्यावर समजलं.

गुरुवारी ती आलीच नाही. प्रार्थना संपेपर्यंत मी फाटकाकडे बघत होतो. सगळे खाली बसले. मी पुढे गेलो. ‘नमस्कार’ झाला. पुन्हा तोच ‘आ’. मानेची शीर ताठ, कानात उष्ण झालेलं. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

तेवढ्यात पहिलीच्या ओळीतून आवाज आला, ‘आजचा सुविचाऽऽर’. या पोरांना रोज तेच शब्द ऐकून पाठ झाले होते. कोणी म्हणत नाहीये तर आपणच म्हणू, असा साधा हिशोब त्यांनी केला असावा. माझ्यावर दया वगैरे नाही, ती पहिलीत होती. दुसरीची ओळ त्यांच्यात मिसळली, आणि ‘सुविचार’च्या ‘चा’वर मीही मिसळलो.

ती थांबली, कारण पुढचं त्यांना माहीत नव्हतं.

‘हसत शिकलेलं लक्षात राहतं,’ मी म्हणालो.

मैदानभर ते परत आलं, मागच्या ओळीतून सगळ्यात शेवटी. मग दिनविशेषवाला उठला.