फोटोवरून फेकायचं, फोटोवरून खायचं नाही

मशरूमचा डबा किंवा मोडाच्या मटकीची पिशवी उघडली, शंका आली, की हल्ली पहिला फोटो निघतो आणि प्रश्न येतो, ‘हे चालेल का?’ अन्न टिकवण्याच्या शास्त्रात काम करणारी व्यक्ती म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. खराब झालेला माल फोटोवरून ओळखता येतो, चांगला माल मात्र ओळखता येत नाही. याचं कारण असं की, आपण रंग, पोत आणि चिकटपणा या तीन खुणा बघतो. त्यांतला रंग फोटोत सर्वांत ठळक दिसतो, पण भरवशाला सर्वांत कमी उतरतो. चिकटपणा सर्वांत खात्रीचा, पण तोच फोटोत नीट पकडता येत नाही.

समजा, बारामतीच्या बाजारातून बटन मशरूमचा दोनशे ग्रॅमचा डबा घेतला आणि चैत्रातल्या दुपारी दुचाकीवरून लोणी भापकरला आणला. या प्रवासात दोन गोष्टी होतात. मशरूम एकमेकांवर आपटतात आणि डब्यावरच्या पातळ प्लास्टिकला आतून घाम येतो. घरी पोहोचेपर्यंत पांढऱ्या टोप्यांवर तपकिरी डाग उमटलेले असतात. हे बहुतेकदा कुजणं नसतं. मार बसून पेशी फुटल्या की आतली द्रव्यं हवेशी संयोग पावतात आणि एका विकराच्या मदतीने काळपट रंग धरतात. चिरलेलं वांगं काळं पडतं तसंच. असा डाग कोरडा असतो, घासल्या किंवा दबल्या जागीच असतो आणि त्याच्याखालचा गर टणक राहतो. तो भाग कापून बाकीचं त्याच दिवशी शिजवायला हरकत नाही. जिवाणूंचा डाग वेगळा. ‘स्युडोमोनास’ जातीच्या जिवाणूंनी धरलेला डाग ओलसर, किंचित खोलगट असतो. ते डाग पसरत जाऊन एकमेकांत मिसळतात आणि बोट लावलं की बुळबुळीत लागतात. फोटोत हे दोन्ही डाग तपकिरीच दिसतात आणि घरातला पिवळा दिवा चांगल्या टोप्यांनाही तपकिरी करतो.

चिकटपणाचं उलटं होतं. फोटोत तो चकाकी म्हणून दिसतो, पण घामाचं पाणीही चकाकतं आणि प्लास्टिकही. म्हणून प्लास्टिक काढावं, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात मशरूम पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि एक फोटो काढावा. मग कोरड्या कागदी रुमालाने हलकेच टिपून दुसरा काढावा. पाणी टिपलं जातं आणि पृष्ठभाग मंद दिसतो. बुळबुळीत थर असेल तर टिपल्यावरही तकाकी राहते, कागद चिकटतो आणि बोट उचलताना बारीक तार सुटते. तार सुटली की तो मशरूम टाकावा. धुतल्याने वरचा थर जातो, आतपर्यंत शिरलेली कूज जात नाही.

मोडाच्या बाबतीत घोटाळा पांढऱ्या केसांवरून होतो. मूग-मटकीच्या मुळावर बारीक पांढरी लव आली की अनेकांना बुरशी वाटते. मुळाचे केस फक्त मुळाभोवती, एकसारखे असतात आणि पाणी शिंपडलं की आडवे होऊन दिसेनासे होतात. बुरशीचं जाळं एका दाण्यावरून दुसऱ्यावर, सालीवरूनही पसरतं. खरी धोक्याची खूण देठात असते. ताजा मोड वाकवला की कट्कन मोडतो. बिघडलेला पाणचट, अर्धपारदर्शक होतो आणि दाबला की लगदा होतो. पिशवीच्या तळाला गढूळ, आंबूस वासाचं पाणी साचलं असेल तर वरचे दाणे कितीही चांगले दिसोत, पिशवी गेली.

यावर कुणी म्हणेल, ‘वास घेता येत असताना फोटोचं इतकं कौतुक कशाला?’ आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच फोटोवरून फक्त नकार द्यावा. दुसरा आक्षेप असा की, मोड दिसायला स्वच्छ असतील तर कच्चे खायला काय हरकत? इथे डोळे पुरते हरतात. जर्मनीत 2011 साली मेथीच्या मोडांतून ‘ई. कोलाय’ पसरला आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. असे रोगजंतू बुळबुळ, डाग किंवा वास निर्माण केल्याशिवायही बियांत असू शकतात आणि मोड आणण्यासाठी दिलेली ऊब व ओल त्यांनाही तितकीच मानवते. तिसरा आक्षेप, ‘उकळलं की झालं.’ उकळल्याने जिवंत जंतू बहुतेक मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेली विषं उकळूनही टिकतात. म्हणून ताजे मोड उसळ करून खावेत आणि बुळबुळीत मोड उसळीतही घालू नयेत.

तेव्हा फोटो पाठवायचाच असेल तर टिपण्याआधीचा आणि टिपल्यानंतरचा असे दोन पाठवा, सोबत घेतल्याची तारीख आणि माल किती वेळ उन्हात होता ते लिहा. समोरच्याने ‘टाका’ म्हटलं तर टाका. ‘ठीक दिसतंय’ म्हटलं, तर वास घ्या, दाबून बघा, आणि मगच कढई चुलीवर ठेवा.