मामाचा मुलगा की मामाची मुलगी?

आमच्या आजोळी रक्त लवकर न थांबण्याचा आजार आहे. मामाची दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त येत होतं. मावशीच्या मुलाचा गुडघा जरा मार लागला की सुजतो. दोघांनाही हिमोफिलिया. नातेवाइकांचं मत ठरलेलं : "बापाचं मुलाकडे जातं, मामाच्या मुलाला जपा." मामाच्या मुलीबद्दल कुणी बोलत नाही. तिचं लग्न ठरतंय.

पुस्तकात उत्तर असतंच. पण ते आमच्या घराच्या चार्टवरून निघतं का, हे मला पाहायचं होतं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री. आजार असेल तर आकृती काळी भरायची. आमच्याकडे दोनच चौकोन भरले.

पहिला प्रश्न : प्रभावी की अप्रभावी? आजी-आजोबा निरोगी, तरी मामाला आजार. मावशी आणि काका निरोगी, तरी मुलाला आजार. गुण प्रभावी असता तर दोन्ही वेळा आई-बापांपैकी एकात तो दिसला असता. म्हणजे अप्रभावी.

दुसरा प्रश्न : साधा अप्रभावी की एक्स गुणसूत्रावरचा? साधा असेल तर मावशीच्या यजमानांकडेही तोच दुर्मीळ दोष हवा. ते दूरच्या, नात्याबाहेरच्या घरातले. (मामा-भाचीचं लग्न असतं, तर हा मुद्दा लंगडा पडला असता.) शिवाय दोन्ही रोगी पुरुष आहेत आणि निरोगी स्त्रियांमार्फत जोडलेले आहेत. म्हणून एक्सच जास्त पटतो. एवढ्या लहान घरात ही खात्री नव्हे, पण वैद्यकशास्त्र हिमोफिलियाबद्दल तेच सांगतं.

आता नातेवाइकांचं मत उलटतं. मामा मुलाला वाय देतो, एक्स देतच नाही. त्यामुळे मुलगा सुटला. मुलीला मात्र मामाचा एकुलता एक एक्स मिळतोच. ती वाहक आहे, नक्की. तिच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी.

आणि मी? आजी वाहक, म्हणून आई वाहक असण्याची शक्यता निम्मी. पण माझा दादा निरोगी आहे, तोही पुरावाच. आईसारख्या चार बायका धरा, प्रत्येकीला एक मुलगा. दोघी वाहक, त्यांच्यातल्या एकीचा मुलगा आजारी, एकीचा निरोगी. उरलेल्या दोघींचे निरोगी. म्हणजे निरोगी मुलाच्या तीन आयांमध्ये वाहक एकच. आई एक तृतीयांश, मी एक षष्ठांश.

माझं उत्तर जनुक-तपासणीच देईल, आणि तीही आधी मामाच्या रक्तात नेमका बदल सापडल्यावर. मामाच्या मुलीला मात्र वाहक आहे का, हे विचारायची गरजच नाही. तिने स्वतःच्या रक्तातल्या गोठण-घटकाचं प्रमाण आता मोजून घ्यावं, कारण काही वाहक स्त्रियांनाही बाळंतपणात जास्त रक्तस्राव होतो. हे मी तिला सांगितलं, आणि मामीलाही.