उरलेल्या पैशाचा वारस

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये, आणि मी त्यांच्यातलाच एक आहे, ‘आमच्यानंतर काय’ या प्रश्नाला बहुतेक घरांत एकच उत्तर तयार असतं: घर आणि ठेवी धाकट्याच्या नावावर करायच्या, तो बहिणीला सांभाळेल. या उत्तरात मला मोठा धोका दिसतो. धाकटा लबाड असेल असं मला म्हणायचं नाही. धोका मांडणीतच आहे. मालमत्ता त्याची झाली की बहिणीवर खर्च होणारा प्रत्येक रुपया त्याच्या खिशातून जातो आणि वाचलेला प्रत्येक रुपया त्याचाच राहतो. तिच्यासाठी फिजिओथेरपी चालू ठेवायची की बंद करायची, दातांचं काम आता करायचं की पुढच्या वर्षी, हे ज्यानं ठरवायचं त्याचाच काटकसरीत फायदा असतो. चांगला माणूससुद्धा अशा जागी बसला की नकळत हात आखडता घेतो. म्हणून माझं म्हणणं असं की मुलीसाठी मालमत्ता राखणाऱ्या माणसाला ती मालमत्ता उरण्यात स्वतःचा लाभ नसावा. खाजगी ट्रस्टचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि बहुतेक ट्रस्टपत्रांत नेमका तोच हातचा जातो.

सरळ मुलीच्याच नावावर का ठेवू नये, असं कुणी विचारेल. कायद्यानं काहीच आडकाठी नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात अपंगत्वामुळे वारसा नाकारला जात नाही, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा मालमत्ता बाळगण्याचा त्यांचा हक्क स्पष्टपणे मान्य करतो. अडचण व्यवहाराची आहे. जिला व्यवहाराचा अर्थ कळत नाही तिच्या नावावरचं घर भाड्यानं द्यायचं, विकायचं किंवा ठेव मोडायची झाली तर तिच्या वतीनं सही करायला अधिकृत माणूस लागतो. ती मृत्युपत्र करू शकत नसेल, तर तिच्या पश्चात मालमत्ता कायद्यानं ठरलेल्या वारसांकडे जाते. अविवाहित मुलीला आईवडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेच्या बाबतीत ते वारस म्हणजे वडिलांचे वारस, म्हणजे पुन्हा बहुधा भाऊच. फिरून आपण त्याच जागी येतो. नॉमिनी लावून काम भागतं हा समजही असाच पोकळ आहे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये निकाल दिला की शेअर्सचा नॉमिनी हा मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. नॉमिनीनं पैसे स्वीकारायचे असतात, मुलीवर खर्च करायचे असं बंधन त्यातून येत नाही.

ट्रस्टमध्ये मालमत्ता कायद्यानं विश्वस्तांच्या नावावर असते, पण ती त्यांची स्वतःची नसते. त्यातल्या एकाचा धंदा बुडाला, घटस्फोट झाला किंवा तो वारला, तरी त्याचे सावकार किंवा वारस त्या मालमत्तेवर हक्क सांगू शकत नाहीत. हे संरक्षण भावाच्या नावावरच्या घराला नाही, आणि भावाच्या प्रामाणिकपणाचा दाखला देणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हेच असतं: प्रामाणिक भावालाही कर्ज होतं आणि प्रामाणिक भाऊही बहिणीच्या आधी जाऊ शकतो. अशा ट्रस्टला 1882 चा भारतीय ट्रस्ट कायदा लागू होतो. धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी होते, एका मुलीसाठी केलेल्या खाजगी ट्रस्टची नाही. तिथे खेटे घालून कंटाळलेले पालक ‘आपल्याला ट्रस्ट करताच येत नाही’ असं समजून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. स्थावर मालमत्ता हयातीत ट्रस्टमध्ये टाकायची तर लेखी, नोंदणीकृत दस्त लागतो आणि महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काचा मोठा भार पडू शकतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. त्यामुळे शहाणपणाचा मार्ग असा, की हयातीत थोड्या रकमेनं ट्रस्ट सुरू करायचा, त्याचा पॅन आणि बँक खातं काढायचं, आणि घर व ठेवी मृत्युपत्रानं त्याच ट्रस्टला द्यायच्या.

आता एक कल्पित पण नेहमीसारखं उदाहरण घेऊ. आईवडील गेले, चाळिशीतली मुलगी आहे, ठाण्यातला एक फ्लॅट आणि 60 लाखांच्या ठेवी ट्रस्टकडे आल्या. निवासी संस्थेची फी, औषधं आणि किरकोळ मिळून महिना 40 हजार लागतात. सोसायटीचा आकार, मालमत्ता कर, दुरुस्ती आणि हिशेबनिसाची फी यांना 7 हजार धरू. ठेवींवर 7 टक्क्यांनी महिना 35 हजार येतात आणि फ्लॅटचं भाडं 20 हजार. पहिल्या वर्षी महिन्याला 8 हजार शिल्लक पडतात आणि सगळे निर्धास्त होतात. पण खर्च आणि भाडं दोन्ही वर्षाला 6 टक्क्यांनी वाढले आणि व्याज तेवढंच राहिलं, तर पाचव्या-सहाव्या वर्षी शिल्लक संपते. बारा वर्षांनंतर खर्च 94 हजारांवर गेलेला असतो आणि भाडं-व्याज मिळून 75 हजार येतात. म्हणजे ट्रस्टनं मुद्दल वापरायलाच हवं, आणि पुढे केव्हातरी फ्लॅट विकायला हवा. अनेक ट्रस्टपत्रांत मात्र ‘मुद्दलाला हात लावू नये, फक्त उत्पन्न खर्च करावं’ असं मोठ्या जिव्हाळ्यानं लिहिलेलं असतं. त्या वाक्यानं मुलगी फ्लॅट आणि 60 लाख असूनही गरीब होते. विक्रीचा आणि मुद्दल वापरण्याचा अधिकार विश्वस्तांना स्पष्ट शब्दांत दिलेला असला पाहिजे.

इथे माझ्या मुख्य मुद्द्याची खरी कसोटी लागते. मुद्दल मोडायचं की नाही हे विश्वस्त ठरवणार, आणि मुलीनंतर जे उरेल ते कुणाचं हेही त्याच कागदात लिहिलेलं असणार. ‘नंतर उरलेली मालमत्ता मुलाला मिळावी’ आणि ‘मुलगाच विश्वस्त’ ही दोन वाक्यं एकाच ट्रस्टपत्रात आली, की ट्रस्ट करूनही आपण भावाच्या नावावर घर केल्यासारखंच केलं. फ्लॅट विकला तर त्याचाच वारसा कमी होणार, मग तो कशाला विकेल? हीच गोष्ट संस्थेची. मुलगी जिथे राहते त्या संस्थेलाच मोठी देणगी किंवा उरलेल्याचा वारसा देऊन ठेवला, तर कमी खर्चात सांभाळण्यात संस्थेचा फायदा होतो. म्हणून मुलाचा जो वाटा द्यायचा तो मृत्युपत्रात वेगळा, थेट द्यावा, आणि ट्रस्टमधलं उरेल ते मुलगी जिथे राहत नाही अशा एखाद्या संस्थेला जावं. भावाला तिजोरीची किल्ली देऊ नये, मागणी करण्याचा अधिकार द्यावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून मिळतो. (मानसिक आजार या कायद्यात येत नाहीत.) भाऊ किंवा बहीण तिचे पालक असावेत, ‘हिला नवा चष्मा हवा, सोबतीला बाई हवी’ असं भांडून मागणारे. पैसे देणारे विश्वस्त दुसरे असावेत.

यावर पालक दुखावून म्हणतात, हा मुलावर अविश्वास झाला. मला तसं वाटत नाही. आपण त्याला अशा पेचातून मोकळं करतो की ज्यात त्याची बायको, त्याची मुलं आणि त्याची बहीण एकाच पैशाकडे पाहतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: परक्या विश्वस्तांना तरी आस्था कुठून येणार, आणि ते खातीलच पैसे. आस्था कायदेशीर पालक झालेल्या भावाकडे किंवा बहिणीकडे आहे, म्हणून विश्वस्तांकडून हिशेब एवढीच अपेक्षा ठेवता येते. पण हिशेब मागणार कोण? कायद्यानं ट्रस्टचे कागद पाहण्याचा आणि दाद मागण्याचा हक्क लाभार्थीचा आहे, आणि इथे लाभार्थी तीच आहे जिला तो वापरता येत नाही. म्हणून ट्रस्टपत्रातच एका देखरेख करणाऱ्याची तरतूद हवी: त्यानं वर्षातून एकदा हिशेब पाहावा, मुलीला तिच्या राहत्या जागी जाऊन भेटावं, आणि विश्वस्त बदलण्याचा अधिकार त्याला असावा. काय पाहायचं तेही त्याला कळलं पाहिजे. दर महिन्याला ठरावीक गोल रकमा रोखीनं निघत असतील तर शंका घ्यावी. आणि शिल्लक फुगत असताना तिचे दात किडलेले, चपला झिजलेल्या असतील, तर पैसे खाल्ले नसले तरी ट्रस्ट आपलं काम करत नाही.

बारीक गोष्टी दोन-तीनच सांगतो. ट्रस्टपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर विश्वस्तांना सगळ्यांनी मिळूनच निर्णय घ्यावे लागतात, म्हणजे एक जण परदेशी असला की बँकेचा अर्ज अडतो. बहुमताची तरतूद करून ठेवावी. विश्वस्त सगळे आईवडिलांच्या वयाचे असू नयेत आणि जागा रिकामी झाली तर कुणी भरायची ते लिहिलेलं असावं, नाहीतर कोर्टात जायची वेळ येऊ शकते. मेहनतान्याचं कलम नसेल तर विश्वस्ताला मेहनताना मागता येत नाही, आणि फुकटचं काम तीस वर्षं कुणी करत नाही. तिच्या हयातीत लाभार्थी एकटी मुलगीच आणि तिचा हक्क निश्चित, असंही नेमकं लिहावं. ‘मुलगी किंवा कुटुंबातील इतर, विश्वस्तांना योग्य वाटेल त्याप्रमाणे’ अशा सैल शब्दांनी सर्वसाधारणपणे कमाल दरानं प्राप्तिकर लागतो.

ट्रस्ट म्हणजे तिच्या हक्कावर गदा, असंही अपंग-हक्कांची भाषा बोलणारे म्हणतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. 2016 चा कायदा मर्यादित पालकत्वाकडे, म्हणजे व्यक्तीशी सल्लामसलत करून निर्णय घेण्याकडे झुकलेला आहे. त्यामुळे तिच्या स्वतःच्या हातात दर महिन्याला थोडे पैसे यावेत, तिला कुठे राहायला आवडतं हे विचारलं जावं, ही कलमं मी ट्रस्टपत्रात सगळ्यात आधी घालीन. पण तिला नकाराचा आणि निवडीचा हक्क वापरता यावा यासाठी आधी ते घर, त्या ठेवी कुणीतरी तिच्यासाठी राखलेल्या असायला हव्यात.

हे सगळं हयातीत चालवून पाहा, एवढीच पालकांना माझी विनंती आहे. 50 हजार रुपयांनी खातं उघडा, तिच्या डे-सेंटरची फी त्यातूनच द्या, विश्वस्तांना सही करू द्या, वर्षअखेरीला देखरेख करणाऱ्याला हिशेब मागायला लावा. जो विश्वस्त आज फोन उचलत नाही, त्याला बदलायचा अधिकार अजून तुमच्या हातात आहे.