बैल, दादा आणि /tmp

ऑगस्ट 2018. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचा चार जणांचा स्टुडिओ होता. काम होतं ठिबक सिंचनाच्या जाहिरातीचं: 40 सेकंदांची फिल्म, बोलणारा बैल आणि त्याचं ऐकणारा शेतकरी. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एकूण 1000. त्यातल्या 875 रेंडर होऊन फोल्डरमध्ये पडल्या होत्या. राहिला होता फक्त तिसरा शॉट, पाच सेकंदांचा. त्यात बैल मान वळवून शेतकऱ्याकडे बघतो. क्लायंटने त्याचा प्लेब्लास्ट, म्हणजे रेंडर न करता काढलेली कच्ची फिल्म, रात्री अकराला पास केला. डिलिव्हरी सकाळी दहाला होती.

आणि मग फोन आला, की पोस्टरसाठी नुसता बैल वेगळा पाठवा.

मी मुख्य फाइलमधलं शेत, शेतकरी, कॅमेरा, दिवे, सगळं डिलीट केलं. उभ्या बैलाची पोझ हवी होती म्हणून त्याच्या कीजही काढल्या. एवढं झाल्यावर फाइल नव्या नावाने सेव्ह करायची होती, पण बोटांनी सवयीने `Ctrl+S` दाबलं. तेव्हाचं ब्लेंडर, म्हणजे 2.79, जुन्या फाइलवर लिहायच्या आधी एकदा विचारायचं. दिवसातून शंभरदा जे विचारलं जातं ते कोण वाचतं? एंटर मारला. बैल जरा सरळ केला, परत सेव्ह केलं आणि ब्लेंडर बंद केलं. वीस मिनिटांनी रेंडर लावायला फाइल उघडली, तर राखाडी पोकळीत एकटा बैल उभा.

अन-डूचा इतिहास फाइलबरोबर सेव्ह होत नाही, ब्लेंडर बंद केलं की तो जातो. ब्लेंडर प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची फाइल `.blend1` नावाने बाजूला ठेवतं, पण मुळात एकच. पहिल्या चुकीच्या सेव्हला माझी पूर्ण फाइल तिथे सुखरूप गेली होती, दुसऱ्या सेव्हने तिच्यावर बैल बसला. बंद करताना तयार होणारी `quit.blend` उघडली, तिथेही बैलच. सर्व्हरवरची प्रत पाच दिवसांपूर्वीची होती. तिच्यात तिसरा शॉट नव्हताच.

रोज संध्याकाळी नवा आकडा घालून फाइल ठेवायची, `_v01`, `_v02`, ही शिस्त दादाची. दादा आमचा सीनियर, आठ महिन्यांपूर्वी स्टुडिओ सोडून गेलेला. तो गेल्यावर मी आकडे घालणं सोडलं. 1998 साली टॉय स्टोरी 2 चालू असताना पिक्सारमध्ये कोणीतरी डिलीटची कमांड चालवली, बॅकअप नीट निघेना, आणि घरून काम करणाऱ्या गॅलिन ससमन यांच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीने चित्रपट वाचला, ही गोष्ट दादा चहाच्या टपरीवर दर नव्या पोराला ऐकवायचा. मला ती पाठ होती. बॅकअप मात्र नव्हता.

दादा का गेला तेही सांगायला हवं. त्याआधीचं एक काम तीन दिवस उशिरा गेलं होतं. पात्राच्या कोपराचं रिग मी चुकवलं होतं. मालकाने सगळ्यांसमोर दादाला झापलं. दादाने माझं नाव घेतलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. महिनाअखेर तो गेला, त्याची खिडकीजवळची खुर्ची मला मिळाली. त्यानंतर मी त्याला एकदाही फोन केला नव्हता.

त्या रात्री पावणेबाराला केला.

"दादा, झोपलास का?"

"फाइल गेली ना?" तो म्हणाला. एवढ्या रात्री दुसरं काय असणार! मी सगळं सांगितलं. मशीन रीस्टार्ट करून बघतो, असंही म्हणालो.

"हात काढ. मशीन बंद करायचं नाही, काही सेव्ह करायचं नाही. आज ब्लेंडर क्रॅश झालं होतं का?"

झालं होतं, सव्वाआठच्या सुमारास. मी वैतागून मुख्य फाइल परत उघडली होती आणि विसरून गेलो होतो.

"मग ती असेल."

ब्लेंडर दर दोन मिनिटांनी एक ऑटोसेव्ह करतं. आमच्या उबुंटूवर ती `/tmp` मध्ये जायची. ब्लेंडर रीतसर बंद केलं की स्वतःची ऑटोसेव्ह पुसून जातं. क्रॅश झालं तर पुसायला कोणी उरत नाही आणि फाइल तशीच पडून राहते. पुढच्या वेळी उघडलेलं ब्लेंडर वेगळ्या आकड्याने वेगळी फाइल लिहितं, म्हणून जुनीवर घाला येत नाही. पण मशीन रीस्टार्ट केलं की उबुंटू `/tmp` झाडून काढतं. मी त्या बटणापासून एका वाक्याच्या अंतरावर होतो.

```
ls -lt /tmp/*.blend
```

यादीत `quit.blend` होती, आणि तिच्याखाली नावाच्या शेवटी आकडे असलेली एक फाइल. वेळ 20:13.

"तिथून उघडू नकोस," दादा म्हणाला. "आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी कर. टेक्श्चरचे पत्ते त्या फोल्डरच्या हिशेबाने आहेत. टेंपमधून उघडलीस तर बैल गुलाबी दिसेल आणि तुला वाटेल फाइल खराब आहे."

कॉपी करून उघडली. शेत होतं, शेतकरी होता, बैल तपकिरी होता. खुर्चीवरून उठलो तर पाय थरथरत होते. पण सव्वाआठनंतरचे तीन तास, म्हणजे बैलाची मान, कान आणि ते बघणं, त्यात नव्हते.

दादा एक वाजता हडपसरहून गाडीवर आला. रेनकोट दारातच काढला, खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. क्लायंटने पास केलेला प्लेब्लास्ट त्याने कॅमेऱ्याच्या पार्श्वभूमीला लावला. खाली दिसणारा जुना बैल गिरवत आम्ही वर नव्या बैलाच्या कीज टाकत गेलो. मान मी, कान आणि डोळे तो. पाहिलेल्या गोष्टीची नक्कल करायला विचार लागत नाही, नुसते डोळे लागतात, त्यामुळे तीन तासांचं काम त्याहून कमी वेळात होईल असं मला वाटलं होतं. साडेतीन तास लागले. साडेचार वाजले.

125 फ्रेम, फ्रेमला दोन मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं. पुढे एडिट आणि अपलोड धरलं तर दहा गाठणं अगदीच कठीण. दादाने शेजारचं मशीन सुरू केलं, दोन्हीकडे तीच फाइल उघडली आणि आउटपुट सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरला दिलं. रेंडरच्या सेटिंगमधलं `Overwrite` काढलं, `Placeholders` लावलं. आता एक मशीन फ्रेम घ्यायच्या आधी तिच्या नावाची रिकामी फाइल ठेवणार, दुसरं ती बघून पुढची फ्रेम घेणार. सात वाजायच्या आत शॉट संपला.

मधे, अंधार फिकट होत असताना, मी म्हणालो, "दादा, ते कोपराच्या रिगचं..."

"अठ्ठ्याऐंशी बघ," तो म्हणाला. "डाव्या कानाला झटका आहे."

खरंच होता, एका फ्रेमचा. परत रेंडर करायला दोनच मिनिटं लागली असती, पण तो म्हणाला राहू दे, कोणाला दिसणार नाही. जाताना माझ्या ब्लेंडरमधला `Save Versions` चा आकडा 1 वरून 10 करून गेला. त्याची स्वतःची शिफ्ट नऊला होती. फिल्म साडेनऊला गेली.

अकराला मालक पेढे घेऊन आला आणि म्हणाला, एकट्याने रात्रभर बसून काढलंस, शाबास. मी पेढा घेतला. दादाचं नाव मी तेव्हाही घेतलं नाही.